भाडेकरू चेहऱ्यावरून निवडणं आता तरी बंद करा

आज सकाळी ब्रोकरचा फोन आला, आईच्या कोथरूडच्या फ्लॅटसाठी. पहिलंच वाक्य काय, तर "मॅडम, पार्टी एकदम आपल्यातली आहे, फॅमिली आहे, व्हेज आहे, कागदबिगद बघायची गरजच नाही." मी म्हटलं पगार किती, आधी कुठे राहत होते, तिथून का सोडतायत? तर म्हणे "ते काय विचारायचं मॅडम, बघितल्यावर कळतंच ना माणूस." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

बघितल्यावर कळतंच ना! हेच वाक्य माझ्या काकांनी म्हटलं होतं चिंचवडचा फ्लॅट देताना. भाडं 24 हजार, डिपॉझिट 75 हजार. एकाच आठवड्यात दोन अर्ज आले होते. एक नवरा-बायको आणि लहान मुलगा, कंपनीत मॅनेजर, मोठी गाडी, येताना पेढे घेऊन आला, आडनावही आपल्याकडचं. दुसऱ्या दोघी बहिणी, एक हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आणि धाकटी लॅबमध्ये. त्या दोघी फाईल घेऊन आल्या होत्या हो! पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आधीच्या घराचं रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट, जुन्या मालकांचा नंबर. काकांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. मुली एकट्या, रात्रीची ड्युटी, आणि आडनाव त्यांना "वेगळं" वाटलं. पेढेवाल्याला चावी दिली.

पहिले दोन महिने भाडं वेळेवर. तिसऱ्या महिन्यात अर्धं. मग "या महिन्यात जरा अडचण आहे काका". मग काहीच नाही. 75 हजार डिपॉझिट म्हणजे तीन महिने, ते संपलं आणि माणूस तिथेच. पोलिसांकडे गेले तर हा दिवाणी मामला आहे म्हणाले. आणि अ‍ॅग्रीमेंट? 500 च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं. आपल्याकडे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सरळ सांगतं की करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आणि नाही केलं तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ओझं मालकावर. शेवटी काकांनीच त्याला वर पैसे देऊन बाहेर काढलं. सत्तरीच्या माणसाने, पेन्शनमधून.

आता मुद्द्याचं सांगते. तो माणूस वाईट दिसत नव्हताच, आणि कदाचित वाईट नव्हताही. पण तो 24 हजारांचं घर परवडणारा माणूस नव्हता, आणि हे कागदावर स्वच्छ दिसलं असतं. आम्हाला कसं कळलं? दया यावी म्हणून त्यानेच नंतर काकांना बँक स्टेटमेंट दाखवलं. हातात येणारा पगार 78 हजार. त्यातून गाडीचा हप्ता 16 हजार आणि पर्सनल लोनचा 21 हजार. म्हणजे घर घेण्याआधीच 37 हजार गेले. वर 24 भाडं. 78 पैकी 61 हजार ठरलेल्या खर्चात, उरले 17, त्यात घरखर्च, पेट्रोल, मुलाची फी. थकणारच होता तो! आणि स्टेटमेंटमध्ये आधीपासून हप्ते बाउन्स झाल्याचे चार्जेस लागलेले, "रिटर्न चार्जेस" असं स्पष्ट लिहिलेलं असतं तिथे.

लोक म्हणतात पगार भाड्याच्या तिप्पट असला की झालं. नाही झालं. 24 गुणिले 3 म्हणजे 72, आणि याचा पगार 78, म्हणजे हा पास! आणि त्या बहिणींचं? थोरलीचे हातात 38, धाकटीचे 31, मिळून 69 हजार. तिप्पटच्या हिशोबात त्या नापास. पण त्यांच्यावर एकही कर्ज नव्हतं, हे थोरलीने काकूला बोलता बोलता सांगितलं होतं. 69 मधून 24 गेले तरी 45 हजार उरतात. म्हणून आईच्या फ्लॅटसाठी आम्ही कागदावर लिहिलंय ते असं, की भाडं अधिक सगळे चालू हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आत पाहिजेत. ग्रॉस नाही, सीटीसी तर अजिबातच नाही, खात्यात प्रत्यक्ष जमा होणारा आकडा. तीन महिन्यांच्या स्लिपा आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवायचं, स्लिपवरचा नेट पगार आणि खात्यातली जमा जुळली पाहिजे. स्लिप काय, कुणीही कॉम्प्युटरवर बनवतं. दोन्ही जुळवून बनवणं खूप अवघड.

धंदेवाल्यांना पगार स्लिप नसते म्हणून लोक त्यांना सरळ नाही म्हणतात, तेही चूक आहे. त्यांच्याकडून दोन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न घ्या, स्टेटमेंटमधली महिन्याची सरासरी जमा बघा, धंद्याचा खर्च वजा करा, आणि तीच निम्म्याची पट्टी लावा. पट्टी एकच, कागद वेगळे.

दुसरी गोष्ट, जुना मालक. यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि इथेच सगळं कळतं. आधी खात्री करा की ज्याच्याशी बोलताय तो खरंच मालक आहे, मित्राला उभं करतात लोक. जुनं रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट मागा, त्यावर मालकाचं नाव आणि भाडं असतं. मग फोनवर मुद्दाम चुकीचा आकडा बोला, "यांचं भाडं वीस हजार होतं ना?" खरा मालक लगेच दुरुस्त करतो, "नाही हो, अठरा." खोटा "हो हो" म्हणतो. त्यानंतर चारच प्रश्न: भाडं कोणत्या तारखेला यायचं, नोटीस देऊन सोडलं का, डिपॉझिटमधून काही कापलं का, आणि परत द्याल का यांना घर? शेवटच्या प्रश्नाला माणूस किती वेळ गप्प बसतो ते ऐका.

आणि फक्त आत्ताच्या मालकाला विचारून थांबू नका. ज्याला भाडेकरू काढायचाय तो त्याची आरतीच ओवाळणार. त्याच्या आधीच्या मालकाला फोन करा, त्याला आता काही घेणंदेणं नसतं. काकांच्या त्या पेढेवाल्याच्या आधीच्या मालकांना आम्ही नंतर शोधून काढलं, त्यांनी सांगितलं की तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेला. एक फोन! पाच मिनिटांचा एक फोन काकांनी केला असता तर!

पोलीस व्हेरिफिकेशन केलंय ना मग झालं, असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. ते कराच, करावंच लागतं. पण त्यात पोलिसांना कळतं की या घरात कोण राहतंय आणि त्याच्यावर गुन्हा आहे का. तो भाडं वेळेवर देतो का, हे पोलिसांना कुठून कळणार? काकांच्या भाडेकरूवर एकही केस नव्हती.

पहिल्यांदाच घर भाड्याने घेणाऱ्या पोरापोरींना जुना मालक कुठून असणार, हा प्रश्न बरोबर आहे. त्यासाठीही आधीच लिहून ठेवलंय, की हॉस्टेल किंवा पीजीच्या मालकाचा संदर्भ आणि कंपनीचं पत्र चालेल, आणि उत्पन्न कमी पडत असेल तर आईवडिलांपैकी एकाने लेखी हमी द्यायची. आधीच ठरवायचं, समोर माणूस बसल्यावर नाही. समोर बसलेला गोड बोलला की आपण नियम सैल करतो आणि नाही आवडला की घट्ट करतो, इथेच सगळी माती होते. आमचा कागद एक पानाचा आहे, तो घर दाखवतानाच प्रत्येकाच्या हातात देतो, सगळ्यांना तोच. कागद पूर्ण देणारा आणि निकषात बसणारा पहिला जो असेल त्याला घर. नाही म्हटलं तर का नाही ते तारखेसकट लिहून ठेवतो आणि त्यालाही सांगतो, "हप्ते जास्त होतायत" किंवा "जुन्या मालकांशी बोलणं झालं नाही". आडनाव, धर्म, जात, डब्यात काय आहे, लग्न झालंय का, हे त्या कागदावर नाहीच. म्हणून ते विचारायची वेळच येत नाही.

मालकाचं घर, मालकाची मर्जी, हे खरंय, कुणाला घर द्यावं यासाठी कायदा मालकाला फारसं अडवत नाही. आणि कागद पास झालेल्याचीही उद्या नोकरी जाऊ शकते, तेही मान्य. त्यासाठी रजिस्टर्ड करार आहे, मुदत संपल्यावर न निघणाऱ्याला दुप्पट भाडं लावता येतं त्याच कायद्याच्या कलम 24 खाली. पण निदान सुरुवातच बुडालेल्या हिशोबाने तरी नको.

लिहिता लिहिता राग जरा ओसरला, पण एक गोष्ट जात नाही मनातून. त्या थोरल्या बहिणीने जाताना फाईल परत बॅगेत ठेवताना काकूला विचारलं होतं, "काकू, अजून काही कागद पाहिजे का?" काय उत्तर देणार काकू. तिच्याकडे सगळे कागद होते. तिला नाही म्हणायचं कारण कुठल्याच कागदात नव्हतं. आणि ते कारण तिला कुणी सांगितलंही नाही, "नंतर कळवतो" म्हणून पाठवलं.

आणि हो, ज्यांना नाही म्हणाल त्यांची कागदपत्रं परत द्या किंवा फाडून टाका, फोनमधले फोटोसुद्धा डिलीट करा. आधार मागायचं तर मास्क्ड मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. लोकांची सॅलरी स्लिप ब्रोकरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना बघितलीय मी, किळस येते.

ब्रोकरला मी आमच्या कागदाचा फोटो पाठवलाय, म्हटलं तुमच्या "आपल्यातल्या" पार्टीला हे भरून आणू दे, निकषात बसले तर आनंदाने देऊ. अजून उत्तर नाही आलं. ज्यांना तो कागद पाहिजे त्यांनी खाली लिहा, इनबॉक्समध्ये पाठवते. आकडे तुमच्या भाड्याप्रमाणे बदला, पण एकदा बदलले की सगळ्यांसाठी तेच ठेवा.