पावणेसात आणि दोन आणे

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल पडद्यावर उघडला तेव्हा घरातल्या सर्वांची नजर एकाच आकड्यावर खिळली, आणि तो आकडा होता ७. आईने तत्काळ पेढे मागवले. आयर्लंडमधल्या ज्या विद्यापीठात मला प्रवेश हवा होता त्याला एकूण ६.५ बॅन्ड पुरेसा होता, त्यामुळे अर्ध्या बॅन्डची ही श्रीमंती कुठे खर्च करावी, असा गोड प्रश्न मला पडला होता.

या सातच्या मुळाशी जाण्याचा उद्योग केला तो आजोबांनी. ते पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या पिढीतले असल्यामुळे त्यांना फक्त चार विभागांचे गुण हवे होते. श्रवण ८, वाचन ७.५, संभाषण ६.५ आणि लेखन ५.५. बेरीज साडेसत्तावीस, भागिले चार. "म्हणजे पावणेसात आणि वर दोन आणे," ते म्हणाले, "हे सात कसे झाले?" मी त्यांना नियम समजावला की सरासरी जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण बॅन्डवर नेतात. ती नेमकी मधोमध आली, म्हणजे सव्वासहा किंवा पावणेसात झाली, तर परीक्षार्थीला वरचा बॅन्ड मिळतो. मात्र सहावर किंवा साडेसहावर नुसते दोन आणे असतील तर ते बुडीत खात्यात जातात. आजोबांना हा व्यवहार पटला. "पण लेखनात तू साडेपाचच का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी पेढ्यांचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी प्रवेशाची अट पुन्हा वाचली, आणि त्या वाक्याला एक शेपूट असल्याचे ध्यानात आले: एकूण ६.५, आणि कोणत्याही विभागात ६ पेक्षा कमी नको. त्याच विद्यापीठासाठी प्रयत्न करणाऱ्या माझ्या आतेभावाला ६, ६.५, ६.५, ६ असे गुण होते. बेरीज पंचवीस, सरासरी सव्वासहा, एकूण ६.५. तो आत गेला आणि मी सात बॅन्डचा धनी दाराबाहेर राहिलो. श्रवणातले आठ माझी सरासरी वर ओढत होते. लेखनातल्या साडेपाचांना मात्र त्यांचा कवडीचाही आधार नव्हता. त्यातही दुःख असे, की मी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचा संपादक होतो.

क्लासच्या बाईंनी मला घड्याळ लावून दोन्ही लेखनकृत्ये करायला बसवले. तासाभरात आलेखाचे वर्णन किमान दीडशे शब्दांत आणि निबंध किमान अडीचशे शब्दांत लिहायचा असतो, आणि निबंधाला दुप्पट वजन असते. मी आलेखातल्या प्रत्येक चढउताराचा मुलाहिजा राखत पस्तीस मिनिटे खर्च केली आणि उरलेल्या पंचवीस मिनिटांत निबंधाला भिडलो. 'शहरांत खाजगी मोटारींवर बंदी घालावी, या मताशी आपण कितपत सहमत आहात?' असा प्रश्न होता. मी चाकाच्या शोधापासून आरंभ केला, बैलगाडीपाशी थोडा रेंगाळलो, आणि मोटार रस्त्यावर आली तेव्हा वेळ संपली. बाईंनी शांतपणे विचारले, "पण तुम्ही सहमत आहात की नाही?" ते मी कुठेच लिहिले नव्हते. शिवाय प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला 'मोरओव्हर' हा शब्द मी दारावरच्या तोरणासारखा टांगला होता. बाईंच्या मते त्याने सुसंगती दिसत नाही, तिचा अभाव दिसतो.

केवळ एक विभाग पुन्हा देण्याची सोय आहे. परंतु माझ्या विद्यापीठाने चारही विभागांचे गुण एकाच बैठकीतले मागितले होते, म्हणून संपूर्ण परीक्षा पुन्हा देणे आले. बाईंनी आठ आठवड्यांची आखणी करून दिली, तिच्यात अभ्यासाचे जवळजवळ दोन तृतीयांश तास लेखनाला होते. आलेख वीस मिनिटांत सोडायचा, निबंधाचे मत पहिल्याच परिच्छेदात सांगायचे आणि शेवटची पाच मिनिटे स्वतःच्या चुका शोधायला ठेवायची. श्रवण आणि वाचन यांना आठवड्यातून एकेक सराव-प्रश्नपत्रिका. "तिथे एखादा बॅन्ड घसरला तरी तुम्हाला परवडेल," त्या म्हणाल्या. मला हे वाक्य अशुभ वाटले.

ते खरेही ठरले. दुसरा निकाल आला: श्रवण ७, वाचन ७, संभाषण ६.५, लेखन ६. आजोबांनी कागद न घेता बेरीज साडेसव्वीस केली, चाराने भागले आणि जाहीर केले, "साडेसहा आणि दोन आणे. या वेळी तुझे दोन आणे बुडाले."

एकूण बॅन्ड ६.५. मी आनंदाने ओरडलो आणि पेढे आणायला निघालो, तेव्हा आईने दारातच अडवले.

"अरे, मागच्या खेपेला सात होते. गुण कमी झाल्याचे पेढे मी शेजारी काय सांगून देऊ?"