कोतवाल पंजीचा अंधुक फोटो : कुठवर वाचायचं आणि कुठं थांबायचं

जात पडताळणीचे दिवस आले की सेतू केंद्रांवर आणि टायपिंगच्या दुकानांत कोतवाल पंजीचे, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीचे, फोटो येऊ लागतात. कुणी तहसीलच्या अभिलेख कक्षात मोबाईलवर काढलेला असतो, कुणाला काकाकडून व्हॉट्सअॅपवर आलेला असतो. सोबत निरोप एकच : "भाऊ, एवढं वाचून टाईप करून द्या." यातले बरेच फोटो वाचण्याच्या लायकीचे नसतात, आणि तसं तोंडावर सांगणं हा टाईप करणाऱ्याच्या कामाचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी मोजून बघा. मोबाईलवर काढलेला मूळ फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो बहुतेक वेळा १६०० पिक्सेलवर येतो. पंजीची दोन पानं उघडी ठेवून फोटो काढला, तर १७ इंचांची रुंदी त्या १६०० पिक्सेलमध्ये बसवावी लागते. मग ४ मिलिमीटर उंचीच्या हस्ताक्षराच्या वाट्याला जेमतेम १५ पिक्सेल येतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराला दोनसुद्धा नाहीत. त्यात जेपीईजी चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबून साठवते, त्यामुळे तो ठिपका आजूबाजूच्या कागदाच्या रंगात विरून जातो. आपल्याकडे एक मात्रा गेली तर आडनाव बदलतं.

मोजणं अवघड नाही. संगणकावर फोटो पेंटमध्ये उघडा, कर्सर अक्षराच्या शिरोरेषेवर ठेवा, मग पायाशी ठेवा. खालच्या पट्टीत दिसणाऱ्या जोडीतला दुसरा आकडा दोन्ही वेळी टिपा, त्यांतला फरक म्हणजे अक्षराची उंची. हस्ताक्षर २० पिक्सेलच्या वर असेल आणि हात हललेला नसेल, तर मी कामाला बसतो. १५च्या आसपास असेल तर ओळखीचे शब्द जमतात, आकडे जमत नाहीत. १०च्या खाली असेल तर सरळ नाही म्हणतो. मोठं करून बघण्यानं फक्त पिक्सेल मोठे होतात. फोटो साफ करून देणारी अॅप तर जास्त धोक्याची, कारण ती अंदाजानं रेघा ओढतात आणि चुकीचा आकडाही सुबक दिसू लागतो.

समजा एका नोंदीची तारीख ११-३-४९ वाटते आहे. पुसट फोटोत ४ आणि ५ सारखेच दिसतात, ९ आणि १ सुद्धा. म्हणजे तीच तारीख ११-३-५१ असू शकते. अनुसूचित जमातीच्या दाव्यात ६ सप्टेंबर १९५० ही तारीख निर्णायक धरतात, आणि हे दोन आकडे त्या तारखेच्या दोन बाजूंना पडतात. अशा वेळी पूर्ण पान हाताशी असेल तर मार्ग निघतो. पंजीत नोंदी तारखेच्या क्रमानं असतात, त्यामुळे वरची आणि खालची नोंद स्वच्छ ४९ची असेल तर मधलीही ४९चीच. तरी मी "४९ (क्रमावरून)" असंच लिहितो, म्हणजे पुढच्याला कळतं की अक्षर दिसलेलं नाही. पण लोक नेमकी आपली एकच ओळ कापून पाठवतात, आणि तो आधारच जातो.

जातीच्या रकान्याला असा कुठलाच आधार नसतो. शेजारच्या ओळीत काय लिहिलंय त्यावरून या ओळीत काय आहे ते ठरत नाही. शिवाय पाठवणाऱ्यानं आधीच सांगितलेलं असतं की तिथं "माना" लिहिलंय, आणि एकदा ते कानावर पडलं की डोळ्यालाही तेच दिसतं. म्हणून मी तो शब्द ज्याला काहीच सांगितलेलं नाही अशा माणसाला दाखवतो. त्यानं वेगळं वाचलं, किंवा त्याच पानावरच्या दुसऱ्या स्वच्छ "न"शी आकार जुळला नाही, तर तिथं [दोन अक्षरे अस्पष्ट] एवढंच लिहायचं. बहुतेक हेच असेल म्हणून भरलेला शब्द टाईप झाला की तो खरा वाटू लागतो, आणि समितीपुढं मूळ पंजी उघडली की फरक अर्जदाराच्या अंगावर येतो.

नाही म्हणताना नेमकं सांगावं. "फोटो खराब आहे" म्हटलं की माणूस तोच फोटो पुन्हा पाठवतो. त्याऐवजी असं लिहा : "भाऊ, सातव्या ओळीत नाव आणि गाव वाचता आलं, साल आणि जात नाही. एका वेळी एकच पान, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वरून सरळ फोटो काढा. वर्ष लिहिलेला पानाचा माथा त्यात येऊ द्या. जातीच्या रकान्याचा जवळून वेगळा फोटो घ्या आणि दोन्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवा." डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फोटो दाबला जात नाही.

फोटो झेरॉक्सवरून काढलेला असेल तर मात्र पुन्हा काढायला सांगू नका. झेरॉक्समध्येच शाई फुटून अक्षराची पोकळी काळी झाली असेल, तर कितीही मोठा फोटो काढला तरी ती उघडत नाही. अशा वेळी त्या माणसाला तहसीलमध्ये प्रमाणित नकलेचा अर्ज करायला पाठवा, आणि पान क्रमांक वाचता येत असेल तर तो चिठ्ठीवर लिहून द्या.