माझे आठ हजार आणि एक ‘डी’

जुलै २०२४, रिटर्न भरायला बसलो तर टीडीएसच्या रकान्यात शून्य. फेब्रुवारीत एका कंपनीत ट्रेनिंगची लेक्चर्स घेतली होती, ऐंशी हजार फी, त्यातले दहा टक्के म्हणजे आठ हजार कापून बहात्तर हातात आले, आणि २६एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी यादीत, त्या कंपनीचं नावसुद्धा नाही. पण माझ्याकडे कर कापल्याचं सर्टिफिकेट, १६ए, होतं ना, सही-शिक्क्यासकट!

कंपनीच्या अकाउंटंट काकांना फोन लावला. "अहो, पैसे भरलेत, चलन पाठवू का?" चलन आलंही. पण चलन म्हणजे लग्नातलं आहेराचं एकच जाड पाकीट, आत कुणाचे किती ते वहीत लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि ती वही म्हणजे कंपनीने भरायचं तिमाहीचं टीडीएस रिटर्न, २६क्यू. तिथे माझ्या पॅनमध्ये ‘डी’च्या जागी ‘बी’ पडला होता. पॅन मीच फोनवर सांगितला होता, मागे मिक्सर चालू होता, त्यामुळे निम्मं पाप आमच्या चटणीचं.

गंमत म्हणजे तो ‘बी’वाला पॅन अख्ख्या भारतात कुणाचाच नव्हता. माझे आठ हजार सरकारकडे सुखरूप होते, फक्त अनाथ.

मग १६ए कुठून आलं? खरं सर्टिफिकेट टीडीएसच्या सरकारी ट्रेसेस पोर्टलवरून डाउनलोड होतं, त्यावर सर्टिफिकेट नंबर असतो. चुकीच्या पॅनचं तिथून निघेना, म्हणून काकांनी प्रेमाने एक्सेलमध्ये बनवून दिलेलं, त्यावर नंबर कुठला असायला, बॉर्डर मात्र झकास होती.

"बघतो" या शब्दावर दोन आठवडे गेले. शेवटी माझ्या सीए मैत्रिणीने मंत्र दिला, तो मी जसाच्या तसा फोनवर म्हटला: "काका, पॅन इनव्हॅलिड असला तर वीस टक्के कापायला हवे होते, म्हणजे उरलेले आठ हजार अधिक व्याज कंपनीकडेच निघणार, डिफॉल्टची नोटीस ट्रेसेसवर येऊन पडली असेल, बघा जरा." पलीकडे शांतता. मग की-बोर्डचा आवाज. मग, "अरे देवा!"

त्या दिवसापासून काका मलाच फोन करायला लागले. आज कॉन्सो फाइल मागवली, म्हणजे आधी भरलेलं अख्खं रिटर्न पोर्टलवरून परत मागवलं. आज डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि साहेब नाशिकला. आज ‘बी’चा ‘डी’ केला, फाइल तपासून अपलोड केली, टोकन नंबर मिळाला. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी २६एएस उघडायचो, बायको म्हणाली एवढं तर लग्नाआधी माझ्या मेसेजची वाट बघितली नव्हतीस.

२९ जुलैला रात्री कंपनीचं नाव दिसलं, समोर आठ हजार, आणि स्टेटसमध्ये F. शाळेच्या सवयीने पोटात गोळा आला, मग आठवलं की इथे त्याचा अर्थ फायनल.

दुसऱ्या दिवशी काकांचा मेसेज: पुढच्या ट्रेनिंगसाठी पॅन सांगाल का, फोन करू? म्हटलं, थांबा, फोटोच पाठवतो.