‘मतं वैयक्तिक’ लिहिल्याने काय सुटतं, काय सुटत नाही

“सोशल मीडियासाठी पानभर मेमो कशाला? बायोमध्ये ‘मतं वैयक्तिक’ लिहा आणि कंपनीबद्दल वाईट लिहू नका. दोन ओळींत विषय संपला.”

कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर काय लिहावं याचा मेमो काढायचा म्हटलं की हा आक्षेप येतोच. पण त्या दोन ओळी पुरत नाहीत. बायोपासून सुरुवात करू. पोस्ट शेअर झाली, तिचा स्क्रीनशॉट निघाला किंवा ती सर्चमध्ये दिसली की बायो मागेच राहतो. समजा, हिशेबाचं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीतल्या कोणी लिहिलं, “महिनाभर वापरतोय, एकदम सोपं आहे.” वाचणारा त्याला ग्राहक समजणार. ‘मतं वैयक्तिक’ ही ओळ तो पगार कुठून घेतो ते सांगतच नाही, उलट झाकते. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या एफटीसी या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असं नातं शिफारशीसोबतच दिसायला हवं. म्हणून मेमोत वाक्यच तयार द्यावं: “मी हे अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत काम करतो.” तेही पोस्टच्या पहिल्या ओळीत, कारण लांब मजकूर ‘आणखी वाचा’च्या खाली दडतो. रिव्ह्यू आणि कमेंटलाही हेच लागू.

शिवाय माहिती गोपनीय असेल तर मत कोणाचं हा प्रश्नच उरत नाही. जुलै 2012 मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी स्वतःच्या फेसबुक पानावर लिहिलं की जूनमध्ये प्रेक्षकांनी 1 अब्ज तासांहून जास्त पाहिलं. त्यावरून अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने चौकशी केली. कारवाई झाली नाही, पण एप्रिल 2013 मध्ये नियामकाने स्पष्ट केलं की अशी माहिती कुठे जाहीर होईल, हे गुंतवणूकदारांना आधी सांगितलेलं हवं. साध्या कर्मचाऱ्याकडून मात्र आकडे बहुधा फोटोतून फुटतात: वाढदिवसाच्या केकमागचा व्हाइटबोर्ड, उघड्या लॅपटॉपवरचं ग्राहकाचं नाव, गळ्यातल्या ओळखपत्राचा बारकोड. ‘गोपनीयता पाळा’ एवढं वाचून कोणी फोटोची मागची बाजू तपासत नाही. या तीन जागा नावानिशी लिहिल्या तर तपासतात.

‘वाईट लिहू नका’ ही ओळ सर्वांत कुचकामी. वाईट म्हणजे काय, हे वरिष्ठांच्या मूडवर ठरतं. अमेरिकेत 1935 च्या कामगार कायद्याने बहुतेक खासगी कर्मचाऱ्यांना पगार आणि कामाच्या अटींबद्दल आपसांत बोलण्याचा हक्क दिला आहे, सोशल मीडियावरसुद्धा. सरसकट बंदी तिथे कायद्यातच अडकते. त्याऐवजी मनाई नेमकी हवी: जाहीर न झालेले आकडे, न आलेली उत्पादनं, ग्राहकांची माहिती, सहकाऱ्यांचा छळ.

आणि दोन ओळींत हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे चूक झाल्यावर काय करायचं. माहिती चुकीची असेल तर त्याच पोस्टखाली दुरुस्ती लिहावी. गुपचूप डिलीट केलं की स्क्रीनशॉट फिरतो आणि लपवाछपवीचा आरोप वेगळा. ग्राहकाचं नाव फुटलं असेल तर मात्र उलटा क्रम: पोस्ट आधी काढायची आणि लगेच मेमोत दिलेल्या माणसाला फोन करायचा. त्या माणसाचं नाव आणि नंबर मेमोत हवाच, ‘संबंधित विभागाशी संपर्क साधा’ नको.