रोज ७०० रुपये भरून ३० लाखांचं कर्ज फिटत नाही, वाढतं

«होम लोनवाल्यांनो, बँक हे कधीच सांगणार नाही!! कर्ज ३० लाख, ९ टक्के, २० वर्षं, ईएमआय २६,९९२. तोच हप्ता रोज ९०० रु. असा भरा. ९०० × ३६५ = ३,२८,५००. ३० लाख भागिले ३,२८,५०० = ९ वर्षं. व्याजाची २ वर्षं धरा. ११ वर्षांत कर्ज साफ! डिफरन्शिअल इक्वेशनने सिद्ध झालंय: dB/dt = rB − p. ९०० जमत नसतील तर ७०० भरा, १५ वर्षांत फिटेल. अमेरिकेत लोक दर १४ दिवसांनी हप्ता भरून असंच कर्ज फेडतात. आपल्या माणसांना पाठवा.»

हा मेसेज मला आजवर चार ग्रुपांवर आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. परवा मात्र मावसभावाचा फोन आला. त्याचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. पिग्मीवाला रोज संध्याकाळी येऊन दोनशे रुपये नेतो, त्यामुळे रोज थोडं थोडं भरायची त्याला सवय आहे. म्हणाला, «ताई, सातशे मला सहज जमतील. हप्ता बंद करून हेच चालू करू का?» त्याचं कर्जही नेमकं तीस लाखांचंच. मी पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवते, हे समीकरण दर वर्षी फळ्यावर सोडवते. माझ्याच विषयाचं नाव घेऊन माझ्याच माणसाला खड्ड्यात घालायचं चाललंय म्हटल्यावर गप्प बसवेना.

सातशेपासूनच सुरुवात करते, कारण खरं नुकसान तिथे आहे.

तीस लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २ लाख ७० हजार. त्याला ३६५ ने भागलं की रोजचे जवळपास ७४० रुपये होतात. म्हणजे पहिल्या दिवशी सातशे भरले तर त्या दिवसाचं व्याजसुद्धा पुरतं निघत नाही. चाळीस रुपये उरतात, ते मुद्दलात जातात आणि दुसऱ्या दिवशीचं व्याज ३०,००,०४० वर लागतं. चाळीस रुपयांत दोन चहा येतात, म्हणून कोणाच्या डोळ्यावर येत नाही. वर्षअखेरीला मात्र अडीच लाखांवर रक्कम भरूनही कर्ज पंधरा हजारांनी वाढलेलं असतं.

आता मेसेजमधलंच समीकरण घ्या. `B` म्हणजे शिल्लक कर्ज, `r` म्हणजे वार्षिक व्याजदर, `p` म्हणजे वर्षभरात भरायची रक्कम, आणि `B₀` म्हणजे सुरुवातीचं कर्ज. `rB` या वेगाने कर्ज वाढतं, `p` या वेगाने उतरतं. समीकरण बरोबर आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते नुसतं चिकटवलं, सोडवलं नाही. `B` एका बाजूला, `t` दुसऱ्या बाजूला घेऊन इंटिग्रेट केलं की असं येतं:

```
B(t) = p/r − (p/r − B₀)·e^(rt)
```

यातलं `p/r` काय आहे ते नीट पाहा. तुम्ही भरता त्या रकमेने ज्या कर्जाचं फक्त व्याज भागेल, ते हे कर्ज. सातशे रुपये रोज म्हणजे वर्षाला २,५५,५००. त्याला ०.०९ ने भागा, साधारण २८ लाख ३९ हजार येतात. तुमचं कर्ज याच्या खाली असेल तर उतरत जाईल, वर असेल तर चढत जाईल. भावाचं कर्ज तीस लाख, म्हणजे वर. मग कंसातली संख्या ऋण होते आणि `e^(rt)` तुमच्या विरुद्ध कामाला लागतं. पंधरा वर्षं घालून बघितलं: एकूण ३८ लाखांवर रक्कम भरून झाली, आणि शिल्लक ३४ लाख ६० हजार. घेतलं होतं त्याहून साडेचार लाख जास्त. रोजचं व्याज तोवर ७४० वरून ८५३ वर गेलेलं.

अर्थात बँक पंधरा वर्षं थांबणारच नाही. हप्ता ठरला २६,९९२ चा आणि महिन्याला येतात एकवीस हजार, म्हणजे पहिल्या महिन्यापासून थकबाकी. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. रोज भरलेले पैसे कित्येक बँका ‘पार्ट पेमेंट’ म्हणून मुद्दलात जमा करतात. ते हप्त्यात धरत नाहीत, म्हणून हप्त्याच्या तारखेला हप्ता आपोआप कापायचं मँडेट यायचं ते येतंच, आणि बचत खात्यात पैसे नसले की ते बाउन्स होतं, वर दंड.

व्याजाइतकाही हप्ता नसणं याला निगेटिव्ह अमॉर्टायझेशन म्हणतात आणि ते नुसतं पुस्तकातलं नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्यामागून होम लोनचे दरही चढले. तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत ताणायचे प्रकार सर्रास झाले. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला फ्लोटिंग दराच्या हप्तेवारी कर्जांबद्दल परिपत्रक काढलं. त्यात स्पष्ट म्हटलंय की मुदत वाढवताना निगेटिव्ह अमॉर्टायझेशन होता कामा नये, आणि दर बदलला की कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडता आलं पाहिजे. जी गोष्ट बँकेला करायला मनाई आहे, ती हा मेसेज तुम्हाला स्वतःहून करायला सांगतोय.

आता नऊशे आणि अकरा वर्षं. तीस लाखांना वर्षाच्या भरण्याने भागायचं म्हणजे व्याज शून्य धरायचं, आणि मग दोन वर्षं व्याजाची म्हणून वर टाकायची. ही दोन कुठून आली? भाजी घेताना वर मूठभर कोथिंबीर घालतात तशी घातली असावीत. नऊशेतले पहिल्या दिवशी ७४० व्याजात जातात आणि मुद्दलातून उतरतात फक्त १६०. शिल्लक शून्य व्हायला किती वेळ लागेल ते वरच्या सूत्रात `B = 0` घातल्यावर मिळतं:

```
T = (1/r) · ln( p / (p − r·B₀) )
```

`p` म्हणजे ३,२८,५०० आणि `r·B₀` म्हणजे २,७०,०००. वजाबाकी ५८,५००, भागाकार सुमारे ५.६२, त्याचा नैसर्गिक लॉग १.७२६. त्याला ०.०९ ने भागा: १९.१७. एकोणीस वर्षं दोन महिने! मेसेजप्रमाणे कर्ज «साफ» व्हायच्या दिवशी, म्हणजे अकराव्या वर्षाच्या शेवटी, शिल्लक किती असेल तेही काढलं. १९ लाख. अकरा वर्षांत नऊशेने खरोखर फिटायचं तर व्याजदर साडेतीन टक्के हवा. असं होम लोन कुठे मिळत असेल तर मलाही कळवा.

या सूत्रात एक गंमत आहे, ती मी वर्गातही दाखवते. छेदात वजाबाकी असल्यामुळे रोजची रक्कम ७४० च्या जवळ आली की मुदत वेड्यासारखी पळते. आठशे भरले तर जवळपास २९ वर्षं. साडेसातशे भरले तर ४८. बरोब्बर ७४० भरले तर ८८ वर्षं, म्हणजे नातवाच्या नावावर. आणि त्याखाली लॉगच्या आत ऋण संख्या येते, कॅल्क्युलेटर एरर देतो. मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, कर्ज कधीच फिटणार नाही हेच तो सांगत असतो.

सूत्र व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात मिळवतं हेही सांगून ठेवते. आपल्याकडे बँका व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात, पण खात्यावर महिन्यातून एकदाच टाकतात. तो फरक धरला तर नऊशेवाल्याचं कर्ज एकोणीस वर्षांच्या आसपास संपेल. म्हणजे वीसच्या मानाने अकरा महिने वाचले.

नाइलाजाने मान्य करावं लागतंय की वाचतात. पण कशामुळे, ते बघा. २६,९९२ ला तीसने भागून नऊशे काढले आणि गुणले मात्र ३६५ ने. तीस दिवसांचे बारा महिने म्हणजे ३६० दिवस. उरलेल्या पाच दिवसांचे पैसे तुम्ही गुपचूप जास्त भरताय, वर्षाला साधारण ४,६००. अकरापैकी जवळपास नऊ महिने या जादा पैशांनी वाचवले. रोज भरण्याने म्हणून जे वाचतं ते एवढंच, की पैसे सरासरी पंधरा दिवस आधी पोचतात. पंधरा दिवसांचं २६,९९२ वरचं व्याज १०१ रुपये. महिन्याला एकशे एक, आहेर केल्यासारखे. त्याने वीस वर्षांत मुदत अडीच महिन्यांनी कमी होते.

अमेरिकेचंही तसंच. दर १४ दिवसांनी अर्धा हप्ता म्हणजे वर्षाला २६ अर्धे, म्हणजे तेरा हप्ते. आपल्याच आकड्यांवर तेरा हप्ते भरले तर साडेसोळा वर्षांच्या आतच कर्ज संपतं, पण ती करामत तेराव्या हप्त्याची आहे, चौदा दिवसांची नाही. तो तेरावा हप्ता दिवाळीला एकदम भरला तरी जवळपास तेवढंच साधतं, आणि फ्लोटिंग दराच्या होम लोनवर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही.

दर बदलला की हे सगळे आकडे बदलतात. तेव्हा त्या दिवशीची शिल्लक `B₀` म्हणून धरायची आणि नव्या `r` ने सूत्र पुन्हा चालवायचं. तीस लाखांवर दर १० टक्के झाला तर रोजचं व्याजच ८२२ होतं.

भावाला हे सगळं फोनवर सांगायला पाऊण तास लागला. लॉग वगैरे त्याने ऐकून सोडून दिलं असणार. शेवटी त्याने विचारलं, «मग अकरा वर्षांत संपवायचंच असेल तर रोज किती?» सूत्र उलटं फिरवून सांगितलं, ११७७. थोडा वेळ नुसता झेरॉक्स मशिनचा आवाज येत होता. मग म्हणाला, «हप्ता चालू ठेवतो. पिग्मी मार्चमध्ये सुटेल, ती सगळी लोनमध्ये टाकतो.» त्याला सांगितलं की टाकताना ‘मुदत कमी करा’ असं लेखी दे, नाहीतर हप्ता कमी करून ठेवतील. आणि तो मेसेज तू ज्यांना पाठवलास त्यांची नावं दे.

सात जण निघाले. त्यातल्या एकाने हप्ता थांबवलाय म्हणे.