कॉफीविना श्रावण

श्रावण आला की आमच्या घरात प्रत्येकाने काहीतरी सोडायचे असते. आई कांदा-लसूण आणि वांगे सोडते, पत्नी मुलांवर ओरडणे सोडते (हा नेम साधारणपणे पहिल्या श्रावणी सोमवारपर्यंत टिकतो) आणि मी दरवर्षी मला मुळातच न आवडणारी एखादी भाजी शोधून काढून तिचा त्याग करतो. या वर्षी मी शेपूचे नाव घेताच आई म्हणाली, "सोडवत नाही ते सोडावं. तू कॉफी सोड." समोर शेजारचे पेंडसे काका बसलेले होते. औषध कंपनीत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना दुसऱ्याच्या शरीरात काय चालले आहे याविषयी अपार कुतूहल आहे. ते म्हणाले, "सोडायची तर एकदम सोडू नकोस. रोज थोडी थोडी कमी करत दोन-तीन आठवड्यांनी बंद कर, म्हणजे त्रास होत नाही." यावर आई म्हणाली, "नेम काय हप्त्याहप्त्यानं धरतात?" आणि विषय संपला. काकांनी मला तेवढी एक रोजनिशी ठेवायला सांगितली. सकाळी उठल्यावर जे वाटेल ते लिहायचे, असे ठरले.

येथे माझ्या कॉफीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. नौपाड्यासारख्या चहाबाज वस्तीत मी फिल्टर कॉफी पितो आणि चहाला उघडपणे नावे ठेवतो. पावडर माटुंग्याहून, डोळ्यांसमोर दळून घेतलेली, 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी अशी. रात्री झोपण्यापूर्वी ती स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात घालायची, चकतीने हलकेच दाबायची, वर नुकत्याच उकळलेल्या पाण्याची धार सोडायची आणि झाकण लावून निघून जायचे. चिकोरी पाणी धरून ठेवत असल्यामुळे काढा घाईने खाली येत नाही. पावडर जास्त दाबली तर तो सकाळपर्यंत वरच अडकून बसतो आणि दाबलीच नाही तर पाच मिनिटांत पिवळसर पाणी खाली येते. या दोहोंमधला दाब माझ्या अंगठ्याला ठाऊक आहे आणि माझ्याजवळ असलेली ही बहुधा एकमेव कला आहे.

दिव्याच्या अमावास्येला जगाने आपापल्या रीतीने गटारी साजरी केली. मी संध्याकाळी सहा वाजता दोन डबरे भरून कॉफी प्यायलो आणि फिल्टर घासून माळ्यावर ठेवला. यापुढचे रोजनिशीतून उतरवून देत आहे.

श्रावण शुद्ध प्रतिपदा. सकाळी सहा. काहीही होत नाही. लोक उगाच बाऊ करतात. गवती चहा, आले आणि गूळ घालून केलेले ऊन पाणी प्यालो. ठीक आहे. पूर्वी कॉफीनंतर पाच मिनिटांत उरकणारे एक अत्यावश्यक प्रातःकार्य आज पाऊण तास वाट पाहूनही झाले नाही, त्यामुळे नेहमीची लोकल गेली. (काकांनी नंतर सांगितले की कॉफीमुळे अनेकांच्या मोठ्या आतड्याला काही मिनिटांतच चालना मिळते. ही चालना आपण आजवर स्वतःच्या सद्वर्तनाच्या खाती जमा करत आलो होतो.) आता जांभया येत आहेत. आई म्हणते, पावसाळी हवा आहे.

शुद्ध द्वितीया. सकाळी सहा. काल दुपारी डोळ्यांच्या मागे सुरू झालेले दुखणे आज संपूर्ण डोक्याचे मालक झाले आहे. हे ठणकणारे नाही, दोन्ही बाजूंनी मंद आवळत नेणारे आहे आणि खाली वाकले की वाढते. पायमोजे घालण्यासाठी वाकावे लागते, ही गोष्ट मानवजातीने इतकी वर्षे निमूटपणे कशी सहन केली, हा प्रश्न आज प्रथमच पडला. मुलाने "बाबा, चाळीस रुपये द्या" एवढेच म्हटले असता मी त्याला देशाच्या आर्थिक स्थितीविषयी बोललो. पत्नीने न बोलता डोकेदुखीची एक गोळी आणि पाण्याचा पेला समोर ठेवला.

त्याच दिवशी, पावणेआठ. चमत्कार झाला आहे. अर्ध्या तासात डोके हलके झाले, मुलाला चाळीसाऐवजी पन्नास रुपये दिले आणि खिडकीतून दिसणारा गोखले रोडवरचा वाहनांचा तुंबारासुद्धा मला आवडू लागला. नेम सोपा आहे.

ही सकाळ मी जशीच्या तशी उतरवली, कारण संध्याकाळी तिचे शवविच्छेदन झाले. पेंडसे काका आले, त्यांनी गोळीचे वेष्टन मागून घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागचा बारीक मजकूर मोठ्याने वाचला. पॅरासिटामॉल होते, आणखी एक औषध होते आणि तिसऱ्या ओळीत लिहिले होते, कॅफिन 50 मिलिग्रॅम. वेदनाशामकाचा गुण वाढावा म्हणून अशा काही गोळ्यांत ते मुद्दाम घालतात. काका म्हणाले, "म्हणजे तू सकाळी अर्धा पेला कॉफी प्यायलास, फक्त गिळून. वैद्यकीयदृष्ट्या तुझा नेम आज सव्वासातला मोडला."

घरात खटला उभा राहिला. पत्नीचे म्हणणे असे की गोळी तिने दिली, त्यामुळे पाप असलेच तर ते तिच्याकडे. आईने शांतपणे निकाल दिला, "औषधाला नेमात सूट असते." निकालाने माझा जीव भांड्यात पडला, परंतु काकांनी यापुढे दुखलेच तर नुसती पॅरासिटामॉल घ्यायची, असे बजावले. कॅफिनवाली गोळी रोज घेत राहिले तर दुखणे केवळ लांबते आणि शेवटी गोळीचीच डोकेदुखी लागते.

मग, माझे डोके पुन्हा आवळू लागलेले असताना, काकांनी कारणमीमांसा सांगितली. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसले की माणसाला झोप येऊ लागते. कॅफिनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती असते. ते आधीच येऊन गर्दीच्या लोकलमध्ये रुमाल टाकावा तशा त्या जागा अडवते. ॲडेनोसिन दाराशी ताटकळत उभे राहते आणि आपल्याला तरतरी आल्याचा भास होतो. वर्षानुवर्षे रुमाल पडू लागले की मेंदू निमूटपणे नव्या जागा वाढवतो. एक दिवस रुमाल अचानक नाहीसे होतात आणि ताटकळलेले सगळे उतारू एकाच वेळी बसून घेतात. शिवाय कॅफिनने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसून धरलेल्या असतात, त्या सैलावतात, रक्तप्रवाह वाढतो आणि डोके दुखते. "2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकन निदानपुस्तिकेतही याची नोंद आहे," असे काकांनी कौतुकाने सांगितले आणि 1819 च्या सुमारास कवी गटे यांनी दिलेल्या कॉफीच्या बियांतून रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कॅफिन कसे वेगळे काढले, हेही ते सांगू लागले. डोके दुखत असलेल्या माणसाला इतिहास सांगू नये, असा एखादा नियम सोसायटीच्या उपविधीत असायला हवा.

"तुझी सकाळची तरतरी," काका उठता उठता म्हणाले, "बरीचशी रात्रभर कॉफी न मिळाल्याची भरपाई होती. खड्डा कॉफीनंच खणायचा आणि कॉफीनंच बुजवायचा." हे वाक्य मला त्या दिवशी अत्यंत अपमानास्पद वाटले.

शुद्ध तृतीया. लोकलमध्ये उभ्याने झोपलो. दादरला उतरायचे होते, जाग आली तेव्हा भायखळा. नेहमीच्या मंडळींना विचारले की उठवले का नाही, तर ते म्हणाले, "तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही."

नागपंचमी. डोके थांबले, पण काहीही करावेसे वाटत नाही. आज एक पूर्ण मिनिट कपाटासमोर उभा होतो आणि आपण सदरा घ्यायला आलो की ठेवायला, हे आठवत नव्हते. पत्नी सुचवते आहे की चहा घ्या. चहातही कॅफिन असते, साधारण कॉफीच्या निम्मे, म्हणजे आराम नक्की पडेल आणि शब्दही मोडणार नाही. परंतु ज्या चहाला मी या घरात इतकी वर्षे उकळलेला पालापाचोळा म्हटले, त्याच्याकडे मदत मागण्यापेक्षा मी कपाटासमोर उभा राहीन. दरम्यान आईला समजले आहे की तिच्या दिवसाच्या तीन कप चहातही तोच पदार्थ आहे. तिने पेंडसे काकांशी बोलणे तूर्त बंद केले आहे.

दुसऱ्या आठवड्यातल्या पानांवर लिहिण्यासारखे फारसे नाही. मध्ये एकदा नुसत्या चिकोरीचा काढा करून पाहिला. रंग तोच, कडूपणा तोच, फेसही आला. कॅफिन मात्र शून्य, त्यामुळे प्यायल्यावर आपण नुकतेच काही प्यायलो आहोत असा कोणताही पुरावा शरीरात सापडला नाही.

नारळी पौर्णिमा. सकाळी साडेपाच. एक चमत्कारिक गोष्ट नोंदवतो. गजर होण्यापूर्वी जाग आली आणि पुन्हा झोपावेसे वाटले नाही. तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आलो. डोके स्वच्छ आहे. कॉफीआधीचा जो मी होतो, ज्याच्याशी घरात कोणी बोलत नसे, तो आज उठलाच नाही. काकांचे म्हणणे खरे ठरते आहे, म्हणून आज त्यांना जिन्यात टाळले.

दहीहंडीचा दिवस. सकाळी सहापासून चौकात ध्वनिवर्धक सुरू. आज कॉफी असती तरी उपयोग नव्हता.

पिठोरी अमावास्या. सकाळी सात. आज महिना संपतो. फिल्टर माळ्यावरून काढून उकळत्या पाण्याने धुतला. आई म्हणते, अमावास्या लागलेली असताना नेम सोडायचा नाही. दिनदर्शिकेत समाप्ती दुपारी चारनंतरची आहे. वाट पाहतो.

प्रतिपदा. पहाटे साडेतीन. हिलाही सकाळ म्हणायला हरकत नसावी. काल संध्याकाळी पाच वाजता दोन डबरे प्यायलो, पूर्वीइतक्याच कडक. सहा वाजता हात थरथरू लागले आणि छातीत ढोल वाजू लागला, कारण मेंदूने वाढवलेल्या जागा महिनाभरात काढून टाकल्या होत्या आणि तिथे मी जुन्या हिशेबाने रुमाल टाकले. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-एक तासांनी शरीरात उरतेच, उरलेल्याचे निम्मे व्हायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो, हे काकांनी सांगितले होते आणि तेव्हा मी लक्ष दिले नव्हते. अकराला अंथरुणावर पडलो, बाराला उठलो. गणपती चार दिवसांवर आलेले आणि मखराला कोणी हात लावलेला नाही, म्हणून पुठ्ठा, कात्री आणि डिंक घेऊन बसलो. तीन कमानी, दोन मोर आणि मागची प्रभावळ कापून, चिकटवून, सोनेरी कागद लावून पूर्ण झाली आहे. आता दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवतो आहे.

त्याच दिवशी, पावणेचार. पत्नी पाणी प्यायला उठली. दाराशी उभी राहून तिने मखराकडे बराच वेळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, रोज नका पिऊ. पण दिवाळीच्या साफसफाईच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः करून देईन."