खुलासा: टक्केवारी वेगळी आली म्हणजे निष्कर्ष विरोधी ठरत नाही

"आपली टक्केवारी आधीच्या अभ्यासापेक्षा कमी आली की प्रबंधाच्या चर्चा-विभागात 'पूर्वीच्या निष्कर्षांना छेद देणारे' असे लिहावे, मार्गदर्शक खूश होतात."

ठाणे-नवी मुंबईतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे. समजा, कोपरखैरणे येथील 100 विद्यार्थिनींपैकी 40 जणींना रक्तक्षय आढळला आणि आधीच्या अभ्यासात 400 पैकी 192 जणींना, म्हणजे 48 टक्के. फरक 8 टक्के-बिंदूंचा दिसतो. परंतु त्याचा 95 टक्के विश्वास-अंतराल काढला तर तो साधारण उणे 3 ते अधिक 19 असा येतो. त्यात शून्य येत असल्याने हा फरक निव्वळ नमुन्यातील चढउतारही असू शकतो. उलट, 'दोन्ही अभ्यास जुळतात' असे लिहिणेही तितकेच धाडसाचे, कारण 19 टक्के-बिंदूंचा खराखुरा फरकही याच अंतरालात बसतो.

लिहिण्याआधी मूळ लेखातील पद्धती वाचावी, नुसता सारांश नव्हे. त्यांनी बोटातून रक्त घेतले आणि आपण शिरेतून, किंवा हिमोग्लोबिनची मर्यादा 12 ऐवजी 11 ग्रॅम धरली, तर तुलनाच डळमळते.

वाक्य असे असावे: 'आमच्या नमुन्यात प्रमाण 40 टक्के आढळले, पूर्वीच्या अभ्यासातील 48 टक्क्यांपेक्षा ते कमी असले तरी हा फरक निश्चित मानण्याइतका आमचा नमुना मोठा नाही.' त्यापुढे 'शहरी आहारामुळे' असे कारण जोडायचा मोह होतो (परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात). आहार मोजलाच नसेल, तर ती केवळ शक्यता म्हणून नोंदवावी.